आघाताचा प्रश्न: एका प्रतिक्रियेला उत्तर

इंग्रजी बोलताना आघात, म्हणजे कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा, याविषयी मी लिहिले होते आणि मराठीत आघात नसतो असे त्यात म्हटले होते. त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया आली:

“आघात, लय वगैरे तुमचे खूळ आहे. आयईएलटीएसच्या परीक्षकाला आपला भारतीय उच्चार समजतो. मग गोऱ्यांची नक्कल कशासाठी? मराठीत आघात नसतो हेही चूक. उगाच मुलांना घाबरवू नका.”

महोदय,

‘खूळ’ हा शब्द आपण ज्या सहजतेने लिहिलात, त्या सहजतेने तो वाचणे मला जमले नाही. मतभेदाला माझी हरकत नाही, या भाषेला आहे. मराठीविषयीची आपली दुरुस्ती मान्य आहे: मराठीत आघात असतो, पण त्याच्या जागेवरून शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, असे मी लिहायला हवे होते. घाबरवण्याच्या आरोपाला उत्तर देण्याची गरज मला वाटत नाही.

‘नक्कल’ हा शब्द मात्र मला लागला. आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीत तोंडी परीक्षेच्या समान गुणभाराच्या चार निकषांपैकी उच्चार हा एक आहे आणि त्याच्या वर्णनात आघात, लय व स्वरांची चढउतार यांचा उल्लेख आहे. ‘गोरे’ वाटण्यासाठी तिथे गुण नाहीत; ऐकणाऱ्याला कष्ट न पडता कळावे, एवढीच अपेक्षा आहे.

ते का कळत नाही, हे मी स्वतः भोगले आहे. एका अमेरिकी अधिकाऱ्याने दूरध्वनीवर मुलाखत घेतली, तेव्हा मी “आय कॅन जॉइन ऑन मंडे” असे एकेक शब्द ठसठशीतपणे म्हणालो आणि त्यांनी विचारले, “मग कोणत्या दिवशी जमेल?” अमेरिकी बोलण्यात होकारी ‘कॅन’ आखडून ‘कन’ होतो आणि जोर ‘जॉइन’वर जातो. नकारी ‘कॅन्ट’ मात्र पूर्ण, जोरकस उच्चारला जातो आणि त्याचा ‘ट’ पुढच्या व्यंजनात जवळजवळ विरतो. माझा प्रत्येक ध्वनी बरोबर होता. मी दिलेल्या जोरामुळे होकाराचा नकार झाला. आपण याला नक्कल म्हणणार असाल, तर त्या दिवशी माझे काय चुकले तेही सांगावे.

शिवाय यासाठी परका स्वर शिकावा लागत नाही. इंग्रजीत आघात नसलेल्या अक्षरात बहुधा जो पुसट स्वर येतो, तो आपल्या ‘अ’च्या अगदी जवळचा आहे. आपल्याला फसवते ते स्पेलिंग. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, ‘फटॉग्रफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो आणि पहिला ‘ओ’ चक्क ‘अ’ होतो. आपण दोन्हीकडे ‘फोटो’च म्हणतो, कारण डोळ्यांना तेच दिसते.

“आय वाँट टु अप्लाय फॉर अ जॉब इन पुणे” हे वाक्य टेबलावर बोटाने ठोके देत म्हणून पाहा. अक्षरे अकरा आहेत. ठोके चारच हवेत, ‘वाँट’, ‘प्लाय’, ‘जॉब’ आणि ‘पु’ यांवर. मधले ‘टु’ आणि ‘फॉर’ हे ‘ट’ आणि ‘फर’ होऊन पटकन निघून जातात. बोट अकरा वेळा आपटत असेल, तर लय मराठीच राहिली आहे. हे वाक्य भ्रमणध्वनीवर मुद्रित करून ऐका, ठोके मोजा आणि किती आले ते मला अवश्य कळवा. फक्त या वेळी ‘खूळ’ हा शब्द टाळून.