चढउताराच्या नफ्यावरून काढलेले गुडविल: एका अभिप्रायाला उत्तर

अभिप्राय (एक तारा): «भागीदारीतून बाहेर पडताना यांच्याकडून गुडविलची किंमत काढून घेतली. एकाच अहवालात दोन पद्धतींनी दोन आकडे, आणि एक दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट! साध्या सरासरीला तीनने गुणले असते तरी कितीतरी जास्त मिळाले असते. शेवटचे वर्ष एवढे चांगले गेले, त्यालाही वेगळे वजन दिले नाही. फी मात्र पूर्ण घेतली.»

सप्रेम नमस्कार.

आपल्या पेढीचे आकडे गोपनीय असल्यामुळे ते येथे मांडता येणार नाहीत. आकड्यांशिवाय मात्र हे समजावणेही अशक्य आहे, म्हणून कृष्णाकाठच्या बाजारपेठेतील पंप आणि ठिबकसंचाच्या एका काल्पनिक भागीदारी पेढीचे उदाहरण घेतो. पाऊस आणि ऊस यांवर हा धंदा चालतो, त्यामुळे त्याचा नफा दोन वर्षे सारखा राहत नाही.

समजा, २०१८-१९ चा नफा १६ लाख होता. पुढच्या वर्षी २ लाखांचा तोटा झाला, त्यानंतर ३० लाख, १३ लाख आणि २०२२-२३ मध्ये २४ लाख नफा झाला. तोटा वजा धरून बेरीज ८१ लाख होते आणि सरासरी १६.२ लाख निघते. आपण म्हणता तसे तीनने गुणले तर गुडविल, म्हणजे पेढीच्या नावलौकिकाची किंमत, ४८.६ लाख दिसते. पण हा सगळा नफा नावलौकिकाचा नव्हे. त्यातला मोठा भाग पेढीत घातलेल्या भांडवलाचा परतावा आहे आणि काही भाग भागीदारांच्या स्वतःच्या कष्टाचा मोबदला आहे. घेणारा भांडवलाची किंमत मालमत्तेपोटी वेगळी देतोच, मग तिच्या परताव्याचे पैसे त्याने गुडविलमध्ये पुन्हा का द्यावेत?

म्हणून आधी नफा साफ करावा लागतो. २०२०-२१ च्या ३० लाखांत जुना भूखंड विकून आलेला ९ लाखांचा नफा आहे. तो पुन्हा येणार नाही, म्हणून वजा केला. २०१९-२० मध्ये पुराने ८ लाखांचा माल गेला, ते नुकसान नफ्यात परत मिळवले, त्यामुळे त्या वर्षीचा आकडा ६ लाख झाला. येथे एक खोच आहे. पाठ्यपुस्तकाप्रमाणे पुराचे नुकसान अपवादात्मक म्हणून सरळ परत मिळवायचे असते, परंतु कृष्णा आणि पंचगंगेच्या काठी २००५, २०१९ आणि २०२१ असे मोठे पूर येऊन गेलेले असताना पुराला अपवाद म्हणणे मला पटत नाही. त्यामुळे नुकसान परत मिळवले, पण पुरासह मालाचा विमा उतरवण्याचा वर्षाला ५० हजारांचा हप्ता भविष्यातील नफ्यातून कापला. पेढी आज हा हप्ता भरत नसली, तरी जो पुढे चालवणार आहे त्याला तो भरावाच लागेल.

दुरुस्तीनंतर नफे १६, ६, २१, १३ आणि २४ लाख असे झाले आणि सरासरी १६ लाख आली. त्यातून विम्याचे ५० हजार वजा केले, आणि दुकानात दिवसभर बसणाऱ्या भागीदारांना जो पगार द्यावा लागला असता तो वाजवी मोबदला म्हणून ४.५ लाख वजा केले. पुढे टिकण्याजोगा नफा ११ लाख राहिला.

आता वजनाविषयी. नफा वर्षागणिक चढत किंवा उतरत गेला असेल, तर अलीकडच्या वर्षाला जास्त वजन देणे योग्य ठरते, कारण तेथे खरोखर एक दिशा असते. येथे दिशा नाही, झोके आहेत. १ ते ५ अशी वजने दिली तर सरासरी १६ वरून सुमारे १७.५ लाखांवर जाते. तेच पाच नफे उलट क्रमाने आले असते तर ती सुमारे १४.५ लाख झाली असती. धंदा तोच, गिऱ्हाईक तेच, फक्त चांगले वर्ष आधी आले की नंतर यावर किंमत ठरू लागली, तर ती किंमत निवृत्तीची तारीख निवडणाऱ्याच्या हातात जाते. चांगल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला हे सोयीचे वाटणे स्वाभाविक आहे, पण उरलेल्या भागीदारांनी ते का मानावे?

भांडवल ६४ लाख धरले आहे. ३१ मार्चच्या ताळेबंदाप्रमाणे ते ७२ लाख होते, पण त्या दिवशी उन्हाळी हंगामासाठी गोदाम भरलेले असते. तो फुगलेला आकडा घेतला असता तर निवृत्त होणाऱ्याचे नुकसान झाले असते, म्हणून वर्षभरातील सरासरी घेतली. अशा जोखमीच्या धंद्यात अपेक्षित परतावा १२.५ टक्के धरला, तर सामान्य नफा ८ लाख होतो. ११ लाखांतून तो वजा जाता सुपर प्रॉफिट, म्हणजे जादा नफा, ३ लाख उरतो.

येथून दोन वाटा फुटतात. सुपर प्रॉफिट पद्धतीत तीन वर्षांची खरेदी धरली, म्हणजे जादा नफ्याला तीनने गुणले, की गुडविल ९ लाख होते. भांडवलीकरण पद्धतीत ११ लाखांना १२.५ टक्क्यांनी भागून धंद्याची एकूण किंमत ८८ लाख काढली जाते. त्यातून भांडवलाचे ६४ लाख वजा केले की २४ लाख उरतात. ३ लाखांच्या जादा नफ्यालाच १२.५ टक्क्यांनी भागले तरी उत्तर २४ लाखच येते. १२.५ टक्क्यांनी भागणे म्हणजे ८ ने गुणणे, म्हणजेच आठ वर्षांची खरेदी. एका पद्धतीत जादा नफा तीन वर्षे टिकेल असे गृहीत आहे, दुसरीत तो कायम टिकेल असे. गणित दोन्हींचे एकच आहे. फरक केवळ या गृहीतकाचा आहे, आणि तो लपवू नये म्हणूनच अहवालात दोन्ही आकडे शेजारीशेजारी दिले जातात. पाच वर्षांत ६ ते २४ लाखांमध्ये हेलकावे खाणारा नफा कायमचा मानणे धाडसाचे आहे, म्हणून माझी शिफारस खालच्या आकड्याकडे झुकते.

नफा अस्थिर असताना सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे हा दर. तो १५ टक्के केला तर सामान्य नफा ९.६ लाख होतो, जादा नफा १.४ लाखच उरतो आणि भांडवलीकरणाने येणारे गुडविल २४ लाखांवरून ९.३३ लाखांवर येते. चढउताराची जोखीम १२.५ टक्के ठरवतानाच दरात धरलेली होती, म्हणून वर्षे ठरवताना त्याच कारणासाठी तीनची दोन केली नाहीत. तसे केले असते तर एकाच जोखमीची वजावट दोनदा झाली असती.

भागीदारी करारात गुडविलची पद्धत लिहिलेली असेल तर तीच लागू होते आणि माझ्या मताचा प्रश्नच येत नाही. तसे कलम नसेल, तर किती वर्षांची खरेदी धरायची हे सर्व भागीदारांनी मिळून ठरवायचे असते. त्यांनी चार किंवा पाच वर्षे मान्य केली, तर अहवालातील जादा नफ्याला तेवढ्याने गुणून आपल्या वाट्याचा हिस्सा काढावा. बाकीचे तक्ते जसेच्या तसे लागू राहतात आणि त्यासाठी वेगळी फी लागणार नाही.