डेमोत शिट्टी जोरात वाजवा

इंदूरच्या एखाद्या शाळेत पीटी सरांची जागा निघाली असेल आणि तुम्हाला मुलाखतीचं बोलावणं आलं असेल, तर आधी नवा ट्रॅकसूट घ्या. त्याला कडक इस्त्री करा, गळ्यात शिट्टी अडकवा. पाठटिपण बीपीएडच्या वहीत आहेच, वरची तारीख तेवढी बदला.

डेमोला समजा वीस मिनिटं आणि तीस मुलं मिळाली. खेळ खो-खोच घ्या. आपल्या मराठी मंडळींचा खेळ म्हटल्यावर पॅनेलवर एखादे काका तरी विरघळतातच. आणि थेट सामनाच लावा. नियमाप्रमाणे नऊ जण पाठलागाला आणि तीन पळायला, म्हणजे बारा मैदानात, अठरा कडेला. त्या बारांतलेही आठ खाली बसलेले, त्यामुळे एका वेळी धावणारे फक्त चार. तीसपैकी सव्वीस मुलं गप्प बसली आहेत! याहून चांगली शिस्त कुठल्या शाळेला हवी असते?

एखादा अतिशहाणा उमेदवार मुलांच्या जोड्या लावतो. एक जण एक पाऊल पुढे घेऊन, बोटं जमिनीला टेकवून उकिडवा बसतो. दुसरा मागून येतो, पाठीला उघडा पंजा लावतो, ‘खो’ म्हणतो आणि त्याच्या जागी बसतो. उठलेला समोरच्या रेघेला शिवून परत येतो आणि आता तो खो देतो. पंधरा जोड्या एकदम सुरू, म्हणजे पंधरा मुलं धावतायत आणि बसलेल्यांचीही पाळी लगेच येते. पाच-सहा मिनिटांनी तो सहा-सहा जणांच्या पाच रांगा करतो, तोंडं एकाआड एक उलटी. खो मिळायच्या आत कोण उठतो, पंजा लावायच्या ऐवजी कोण धक्का देतो, हे हेरत तो रांगांमधून फिरतो. चुकणाऱ्याच्या शेजारी स्वतः बसून उठून दाखवतो. तुम्ही असलं काही करू नका. ट्रॅकसूटची इस्त्री मोडेल. चूक दिसली की लांबूनच शिट्टी फुंका आणि ‘अरे, नीट खेळ!’ म्हणा.

मैदान आधी बघायला जाऊ नका, चहा गार होतो. आजकाल कितीतरी शाळांचं आवार म्हणजे पेव्हर ब्लॉक. त्यावर नवशिक्यांना खांबाशी झेपा घ्यायला लावल्या की गुडघे आणि तळहात सोलून निघतात, पण प्रात्यक्षिक कसं दणदणीत दिसतं! झेपा गाळायच्या, खडे वेचायचे, बुटांच्या नाड्या आणि हातातली कडी बघायची, मे महिन्यात अकराच्या उन्हाऐवजी सावलीची बाजू मागून घ्यायची, मध्ये पाणी प्यायला थांबायचं, ही सगळी भित्र्यांची कामं.

मग सुरक्षेचा प्रश्न येणारच: ‘दोन मुलांची डोकी आपटली, तर काय कराल?’ ठासून सांगा, ‘तोंडावर पाणी मारेन आणि परत खेळायला पाठवेन, मुलगा कणखर होतो.’ पॅनेलला ऐकायचं असतं ते वेगळंच. मुलाला लगेच खेळातून बाहेर काढायचं, बरं वाटतंय म्हणाला तरी त्या दिवशी परत उतरवायचं नाही, पालकांना कळवायचं. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर थेट दवाखाना. मान दुखते म्हणाला तर त्याला हलवायचंच नाही. मग घटना नोंदवहीत लिहायची. इतकं बोलायला वेळ लागतो, आणि उत्तर कसं एका वाक्यात असावं.

समावेशनाचा प्रश्न तर सोपाच. ‘वर्गात एका मुलीला कमी दिसतं, तिचं काय?’ उत्तर पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे: ‘तिला गुण लिहायला बसवेन.’ जिला फळा दिसत नाही तिला फळ्यापाशी बसवण्याचं हे कसब आपल्याच खात्याला जमतं. खरं तर खो-खोत आवाज आणि स्पर्श दोन्ही आधीपासून आहेत, ती बसलेली असली तर खो तिला कळतोच. पळताना तिच्या आणि सोबतणीच्या हातात एकेक टोक असा रुमाल द्यायचा, रेघ जाड आणि भडक रंगाची करायची, दोन रांगांमधलं अंतर वाढवायचं, बाकीच्यांना नावानिशी हाक मारायला सांगायचं. आणि कुठली मदत हवी ते आधी तिलाच विचारायचं. पण मुलीला विचारून धडा आखायचा, तर सर कशाला ठेवायचे?

शेवटी पॅनेल विचारेल, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ प्रथमोपचाराची पेटी कुठे असते, कुणाला दमा आहे याची यादी वर्गशिक्षकांकडे आहे का, तीस मुलांमागे चेंडू किती, हे विचाराल तर नोकरी गळ्यात पडण्याचा धोका आहे. त्यापेक्षा विचारा, ‘परीक्षा जवळ आली की गणिताच्या सरांना पीटीचा तास द्यावा लागतो ना? मी आनंदाने देईन.’