‘मी’ कोणाचा, ‘म्हणे’ कोणाचं

“मराठीत दुसऱ्याचं बोलणं नेमकं सांगायची सोयच नाही. १) ‘तो म्हणाला मी येतो’ यातला ‘मी’ कोण, ते कळत नाही. २) इंग्रजीत काळ बदलतो, मराठीत बदलत नाही, म्हणून सगळा घोळ. ३) ‘असं’, ‘म्हणून’, ‘म्हणे’ हे भरतीचे शब्द आहेत. शुद्ध मराठीला एक ‘की’ पुरे. पटलं तर पुढे पाठवा.”

नाही पाठवलं. नाशिकच्या एका दैनिकात मी २२ वर्षं तालुक्यांच्या बातम्या तपासल्या. कोण काय म्हणालं ते तिसऱ्याला सांगणं हाच तो धंदा, त्यामुळे या तिन्ही मुद्द्यांशी माझी रोजची झटापट झाली आहे. उदाहरण मात्र बातमीतलं घेत नाही, घरचं घेतो. गेल्या फेब्रुवारीत दिंडोरीकडून मामाचा फोन आला. द्राक्षं तयार होती, बागेत येऊन व्यापारी सौदा करून गेला होता. मामा एका दमात म्हणाले:

“व्यापारी म्हणाला, मी पन्नासचा शब्द दिलाय, उद्या गाडी लावतो, पण भाव उतरणार म्हणे.”

या एका वाक्यात तिन्ही मुद्दे सापडतात.

आधी ‘मी’. ‘उद्या गाडी लावतो’ यात कर्ता बोललेलाही नाही, तरी गाडी मामा लावणार असं कोणाच्या मनात येत नाही. ‘म्हणाला’ नंतर आपण व्यापाऱ्याचा आवाज ऐकायला लागतो, आणि गाडी व्यापारीच लावतो हे नाशिक जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ‘तो म्हणाला मी येतो’ याचंही तेच. म्हणजे पुढे पाठवायच्या निरोपात जे उदाहरण दिलंय, त्यात अडचण नाहीच. अडचण आहे ती ‘मी पन्नासचा शब्द दिलाय’ इथे. किलोला पन्नासनं घेईन, असा शब्द व्यापारी देऊ शकतो. पन्नासनं देईन, असा शब्द मामाही देऊ शकतात. मामांनी व्यापाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उचलले असतील तर ‘मी’ म्हणजे व्यापारी. आशय आपल्या बाजूनं सांगितला असेल तर ‘मी’ म्हणजे मामा. मराठीत दोन्ही चालतं, आणि पैशाचा प्रश्न असेल तेव्हा हे फार महागात पडू शकतं.

पण ही फट बुजवायला मराठीनं एक शब्द ठेवलाय, आणि तो आपण रोज वापरतो: ‘आपण’. “आपण पन्नासचा शब्द दिलाय असं व्यापारी म्हणाला.” इथे ‘आपण’ म्हणजे ज्याचं बोलणं सांगितलं जातंय तो, म्हणजे व्यापारी. “आपल्याला बरं नाही असं तिनं कळवलं” यात बरं नाही ते कळवणारीला. “तिला बरं नाही असं तिनं कळवलं” म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, कोणाला, तिच्या सासूला का? इंग्रजीला इथे ‘शी’ आणि ‘शी’ एवढंच करता येतं. दोघी एक की वेगळ्या, ते संदर्भावरून लावायचं. बोलणाऱ्याकडेच बोट दाखवणारं वेगळं सर्वनाम पश्चिम आफ्रिकेतल्या एवे भाषेत आहे, आणि भाषाशास्त्रात त्याची खूप चर्चा होते. आपलं ‘आपण’ अशा जागी जवळजवळ तेच काम करतं.

जवळजवळच, कारण ‘आपण’ला आणखी दोन नोकऱ्या आहेत: तुम्ही-आम्ही मिळून आपण, आणि आदरार्थी आपण. आदरार्थी आपण क्रियापदावरून ओळखू येतो. ‘आपण येणार आहात’ म्हटलं तर तो समोरच्याला उद्देशून आहे, ‘आपण येणार आहोत’ म्हटलं तर नाही. पण ‘आपण शब्द दिलाय’ यात व्यापारी एकटा, की व्यापारी आणि मामा दोघं, हे व्याकरण सांगत नाही. तिथे मी सरळ विचारतो. मामांनाही विचारलं, “मामा, शब्द तुम्ही दिलात की त्यानं?” “अरे त्यानं! मी कशाला देतो?” फोनवर हे जमतं. छापील बातमीत विचारायला कोणी नसतं. खरा घोटाळा करणारं वाक्य तर बातमीतच भेटतं: “पैसे दिल्याचे त्यांनी सांगितले.” कोणी दिले? ‘-ल्याचे’ या वळणात कर्ता गळून पडला तरी वाक्य सुबक दिसतं, म्हणून ते आम्हा बातमीवाल्यांचं लाडकं. तपासताना मी सगळ्यात जास्त लाल शाई यावरच खर्च केली.

आता काळ. इंग्रजी शाळेत घोकवून घेतात: ‘ॲम’चं ‘वॉज’ करा. ठीक आहे, पण मग ‘ही सेड ही वॉज इल’ या वाक्यातला माणूस नेमका कधी आजारी होता? ‘मी आजारी आहे’ म्हणाला, की ‘मी आजारी होतो’? पुस्तकात दुसऱ्यासाठी ‘हॅड बीन’ आहे, पण बोलताना बरेचदा ‘वॉज’वरच भागवतात. मराठीत ‘आजारी आहे असं म्हणाला’ आणि ‘आजारी होता असं म्हणाला’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत आणि वेगळीच राहतात. मूळ बोलण्यातला काळ तसाच ठेवायचा, हा आपला नियम. रशियन आणि जपानी भाषांतही असंच चालतं, तिथे कोणाचा घोळ होत नाही.

घोळ होतो तो ‘उद्या’मुळे. क्रियापदाचा काळ जसा मूळ बोलणाऱ्याचा राहतो, तसा ‘उद्या’ही राहतो, पण नेहमीच राहील असं नाही. आमच्या एका वार्ताहरानं सोमवारी रात्री फोनवर बातमी दिली: “कांद्याचे लिलाव उद्यापासून बंद असं त्यांनी सांगितलं.” सांगितलं होतं सोमवारी सकाळी. मी ‘उद्यापासून’ तसंच ठेवलं. मंगळवारच्या अंकात वाचणाऱ्यानं उद्या म्हणजे बुधवार धरला. मंगळवारी ट्रॅक्टर भरून आलेल्यांनी बंद फाटकासमोरून आमच्या कार्यालयात फोन केले, आणि ते काय म्हणाले ते ‘-ल्याचे’ या वळणातच सांगता येईल. तेव्हापासून दुसऱ्याच्या तोंडचा उद्या-परवा दिसला की मी तिथे वार आणि तारीख घालतो. हे दुखणं इंग्रजीतल्या ‘टुमॉरो’लाही आहे, फक्त तिकडे शाळेत ‘द नेक्स्ट डे’ करायला शिकवतात.

तिसरा मुद्दा वाचून मात्र माझा तोल जातो. बोलताना अवतरणचिन्हं दिसत नाहीत. ‘की’ बोलणं उघडतो, पण ते संपलं कुठे ते सांगत नाही. “तो म्हणाला की ट्रॅक्टर बिघडला आणि मी पाचशे रुपये दिले.” पाचशे रुपये त्याच्या बोलण्यातले की माझ्या खिशातले? “ट्रॅक्टर बिघडला असं तो म्हणाला आणि मी पाचशे रुपये दिले.” आता शंका उरत नाही. ‘असं’ हे बंद होणारं अवतरणचिन्ह आहे. संस्कृतातला ‘इति’ही असाच बोलण्याच्या शेवटी येतो. एक ‘की’ पुरे म्हणणाऱ्यांनी दार उघडलं आणि कडी काढून फेकून दिली.

‘म्हणून’ म्हणजे ‘म्हणणे’ला ‘ऊन’. करून, जाऊन, तसं म्हणून. म्हणण्याच्या धातूपासून असा शब्द घडवणं ही या उपखंडातली जुनी खोड आहे. तेलुगूत ‘अनि’, कन्नडात ‘अंत’, नेपाळीत ‘भनेर’, दखनीत ‘बोलके’, सगळे तसेच. पुढे त्यातलं म्हणणं विरत जातं. “गारा पडतील म्हणून भीती वाटते” यात कोणी काही बोललेलं नाही, मनातलं सांगितलंय. “गारा पडतील म्हणून बाग झाकली” यात मनातला विचार हेच कारण झालं. “गारा पडल्या म्हणून भाव गेला” यात फक्त कारण उरलं. ज्ञानेश्वरीत ‘म्हणौनि’ पानोपानी ‘त्यामुळे’ या अर्थानं येतो, म्हणजे हा प्रवास १२९० पर्यंत होऊनही गेला होता. भरतीचा शब्द एवढं चालत नाही.

राहिलं ‘म्हणे’. हे कोणा एकाचं म्हणणं नाही. मी पाहिलेलं नाही, ऐकलंय, आणि जबाबदारी माझी नाही, एवढं सगळं या दोन अक्षरांत येतं. म्हणून “मी काल म्हणे नाशिकरोडला गेलो” हे वाक्य शुद्धीवरचा माणूस बोलत नाही. पण “लहानपणी मी म्हणे फार रडायचो” हे बिनदिक्कत चालतं, कारण ते आईकडून ऐकलेलं असतं. प्रश्नात घातलं तर समोरच्यानं काय ऐकलंय ते विचारलं जातं: “कोण येणार आहे म्हणे?” तुर्की भाषेत हे काम क्रियापदाचा प्रत्ययच करतो. ‘गेल्दी’ म्हणजे आला. ‘गेल्मिश’ म्हणजे आला, पण मी येताना पाहिला नाही, ऐकलं किंवा खुणांवरून ताडलं. तिथे दोन्हींतून एक निवडावंच लागतं. आपल्याकडे ‘म्हणे’ ऐच्छिक आहे, त्यामुळे तो घातला की हेतू दिसतो. वाक्याच्या तोंडाशी ठेवला तर खोचक होतो: “म्हणे, भाव देतो!”

तर मामांचं ‘भाव उतरणार म्हणे’. हे बाजारातलं उडतं बोलणं असेल तर चार दिवस थांबण्यात अर्थ होता. व्यापाऱ्यानं स्वतः ‘भाव उतरणार’ म्हटलं असेल तर तो सौद्यातला डाव. आणि तिसरी शक्यता अशी, की व्यापाऱ्यानंच ‘उतरणार म्हणे’ असं म्हणून आपले हात झटकले असतील. मामांच्या वाक्यात ‘असं’ नव्हता, त्यामुळे ‘म्हणे’ आतला की बाहेरचा ते समजेना.

“मामा, भाव उतरणार हे कोण म्हणालं?”

“तोच.”

“तो ‘उतरणार’ म्हणाला, की ‘उतरणार म्हणे’ असं म्हणाला?”

मामा जरा थांबले. “‘उतरणार म्हणे’ असं म्हणाला. मी विचारलं कोण म्हणतं, तर गाडीत बसला.”

दुसऱ्या दिवशी क्रेट भरून गाडी गेली, पन्नासनंच.