सर, लाईन नसन आज

पाठ टाचणात मी लिहिलं होतं, "विद्यार्थी घट, तारा व बल्ब जोडून बल्ब पेटवतील." मुख्याध्यापकांनी 'पेटवतील'वर लाल गोल केला. म्हणाले, "पेटवतील खोडा न सर, प्रकाशित करतील लिहा. उद्या कोनी वाचलं तं म्हनन पोरं शाळेत काय काय पेटवतात." मी खोडलं. सहावीचा तास, पस्तीस मिनिटं, अठ्ठावीस पोरं, चौघांचा एक गट, म्हणजे सात गट. सात सेल, सात बल्ब, चौदा तारा. कागदावर प्रकरण मिटलं होतं.

पहिली ठेच बल्बला. टॉर्चचा तो जुना, काचेचा, तळाशी आटे असलेला बल्ब आता तालुक्याच्या बाजारातही मिळत नाही. दुकानदार म्हणाला, "आता कोन वापरते सर ते? एलईडी न्या." एलईडी न्यायला माझी हरकत नव्हती, पण पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात आणि एक सेल देतो दीड. शिवाय तिला उलटं जोडलं की ती रुसते. पहिल्याच तासाला एवढे रुसवेफुगवे कोण काढणार? शेवटी त्याने फळीवरून धूळ बसलेला एक खोका काढला. बल्बच्या पितळी गळ्यावर बारीक अक्षरात 2.5 व्होल्ट, 0.3 अँपिअर असं कोरलेलं. एकेक उजेडाकडे धरून आतली तार शाबूत आहे का ते पाहिलं. दहातले दोन तुटके निघाले. ते त्याने परत घेतले नाहीत.

दुसरी ठेच सेलला. नवे तीनच घेतले, कारण पैसे माझ्याच खिशातले. बाकीचे चार घरातून गोळा केले. एक रिमोटचा, दोन टॉर्चमधले, आणि एक भिंतीवरच्या घड्याळातला. बायको झोपली होती, म्हणून जमलं.

रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर घड्याळाच्या सेलला बल्ब लावून पाहिला. अंधार. बल्ब बदलला. अंधार. सेल परत घड्याळात टाकला, तर काटा टिकटिक करत निघाला. याचा अर्थ मला लागेना. जो सेल दोन वर्षं घड्याळ चालवतो, तो दोन सेकंद बल्ब लावत नाही?

सकाळी सेल घेऊन गावातल्या मोटार वाइंडिंगवाल्याकडे गेलो. कपाशीच्या हंगामापेक्षा त्याचा हंगाम मोठा, कारण व्होल्टेज पडतं, शेतातल्या मोटारी जळतात आणि सगळ्या त्याच्याच दारी येतात. त्याने सेलला मीटर लावला. 1.3 व्होल्ट. "सेल तं चांगला हाय सर," तो म्हणाला, आणि मग माझा बल्ब जोडूनच पुन्हा मीटर लावला. आकडा घसरत घसरत अर्ध्या व्होल्टच्याही खाली गेला. तो हसला. "बिनलोडवर सगळेच पैलवान असतात. लोडवर पाहा लागते."

त्याच्या या वाक्यावर माझं अर्धं टाचण उभं राहिलं. घड्याळ सेकंदाला एकदा चिमूटभर प्रवाह मागतं. बल्बला लागतो ओंजळभर, तोही सलग. सेल जुना झाला की त्याच्या आतलाच अडथळा वाढतो. चिमूटभर मागा, तो सहज देतो. ओंजळ मागितली की त्याचं बळ आतच खर्ची पडतं आणि बाहेर काही उरत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात बोअर असंच करते. तांब्याभर काढा तर पाणी आहे, मोटार लावा तर दोन मिनिटांत नुसती फुसफुस.

निघताना त्याने वाइंडिंगची उरलेली तार फुकट दिली. तांब्याची, लालसर, चकचकीत. वर प्लास्टिक नाही म्हणजे सोलायची कटकट नाही, या आनंदात मी सात नवे सेल उधारीवर आणले आणि रात्री परत ओट्यापाशी बसलो. नवा सेल, शाबूत बल्ब, नवी कोरी तार. अंधार.

आता मात्र मला माझ्या बी.एस्सी.ची शंका यायला लागली. वाइंडिंगवाल्याला फोन केला. तो इतका वेळ हसला की माझा बॅलन्स गेला असता, पण हल्ली तसा जात नाही. "सर, त्याले वार्निश असते न! वार्निश नसतं तं मोटारीतले सगळे वेढे एकामेकाले चिकटून पहिल्याच दिवशी धूर निघाला असता." उघडी दिसणारी तार मुळात उघडी नव्हतीच. तिने पारदर्शक रेनकोट घातला होता.

चौदा तारा, अठ्ठावीस टोकं. प्रत्येक टोक दोन सेंटिमीटर, चारही बाजूंनी पॉलिश पेपरने घासायचं. तपकिरी लाल रंग जाऊन फिका गुलाबी तांबा दिसला की झालं समजायचं. एका बाजूला जरी वार्निश राहिलं आणि नेमकी तीच बाजू सेलला टेकली, की पुन्हा अंधार. बायको दारात येऊन उभी राहिली. "आलू सोलून द्या म्हटलं तं तुमाले वेळ नसते." मग तिची नजर भिंतीकडे गेली. "अन् घड्याळ काऊन बंद हाय?"

तासाला आधी पोरांना वहीत चित्र काढायला लावलं, की बल्ब लागायला तार कुठे टेकवाल? हे मी मुद्दाम टाचणात घातलं होतं. बहुतेकांनी सेलपासून बल्बच्या बुडापर्यंत एकच तार काढली, जशी नळाची पाइपलाइन. काहींनी दोन तारा काढल्या, पण दोन्ही बुडालाच. बल्बला दोन जागा असतात, बुडाचा ठिपका आणि बाजूचे आटे, हे कोणाच्याच चित्रात नव्हतं. मीही सांगितलं नाही. घरच्या बोर्डात तार घालायची नाही, तिथे 230 व्होल्ट असतात, एवढं मात्र तीनदा सांगितलं. "आमच्या घरी बोर्डच नाही सर, होल्डरच हाय," मागून आवाज आला. होल्डरलाही तेच लागू होतं, हे चौथ्यांदा सांगितलं.

एका सेलवर अडीच व्होल्टचा बल्ब कंदिलासारखा पिवळसर लागतो आणि उन्हात दिसतच नाही, म्हणून खिडक्या लावल्या. मार्च महिना, पंखा बंद, आम्ही एकोणतीस जण. पाच मिनिटं सगळीकडे अंधार. मग एक पोरगं मोठ्या समजुतीने म्हणालं, "राहू द्या सर, लाईन नसन आज."

दुसऱ्या गटाने सेलच्या दोन्ही टोकांना सरळ एकच तार लावली. बल्ब बाजूलाच पडलेला. "सर, तार तापली!" वाटेत बल्ब नसला की प्रवाहाला अडवणारं कोणी राहत नाही, तार तापते आणि सेल बसतो. "सोड, सोड!" म्हणेपर्यंत तिघांनी ती हातात धरून पाहिली होती.

आणि खिडकीपाशी एकदम उजेड झाला. तिथल्या पोरीने सेल उभा धरला होता, त्याच्या डोक्यावरच्या बोंडीवर बल्बचं बूड टेकवलं होतं आणि सेलच्या तळाशी लावलेली तार वाकवून बल्बच्या आट्यांना भिडवली होती. एकच तार. सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला.

घंटा झाल्यावर ती सामान परत द्यायला आली. सेल दिला, बल्ब दिला, एक तार दिली, आणि मग दुसरीही पुढे केली.

"हे उरली सर. लागलीच नाही."

तिची दोन्ही टोकं मी रात्री साडेअकराला घासली होती. निदान माझ्या अंदाजाने साडेअकरा. घड्याळ बंद होतं.