हिरवी चादर काढा, केस आधी बांधा

"लग्नाच्या बायोडाटाच्या फोटोसाठी स्टुडिओत पैसे घालवू नका! घरीच मागे हिरवी चादर लावा, तिला टेकून उभे राहा, केस मोकळे सोडा, पदर छान पसरवा, खिडकीतलं ऊन चेहऱ्यावर घ्या, पोर्ट्रेट मोड लावा. केस, साडी, रंग, सगळं नंतर बदलता येतं. आधी विचार करायची गरजच नाही. सर्वांना पाठवा."

हा मेसेज बरेच दिवस फिरतोय आणि मी तो न वाचता पुढे सरकत होतो. परवा मावशीने तो माझ्या मावसबहिणीला पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा देईल नंतर नीट करून." तो दादा म्हणजे मी. फोटो रिटच करण्यावरच माझं पोट चालतं, त्यामुळे आता गप्प बसणं परवडणारं नाही.

आधी चादर. सिनेमात हिरवा पडदा लावतात, कारण तिथे हजारो फ्रेममधून माणूस हाताने कापून काढणं अशक्य असतं. सॉफ्टवेअरला एकच रंग सांगायचा आणि तो सगळीकडून पुसायला लावायचा. हिरवाच का, यालाही कारण आहे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना 1976 मध्ये ज्या सेन्सर-रचनेचं पेटंट मिळालं, तीच थोड्याफार फरकाने आज बहुतेक फोनच्या कॅमेऱ्यात असते. तिच्यात दर चार ठिपक्यांमागे दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा. म्हणजे हिरव्याची माहिती सर्वांत जास्त आणि सर्वांत स्वच्छ मिळते. मेसेज लिहिणाऱ्याने कुठेतरी अर्धवट ऐकलं असेल ते हेच, आणि तेवढं खरं आहे.

पण तुम्हाला एक स्थिर फोटो हवाय. शिवाय सिनेमावाले पडद्यावर वेगळा प्रकाश टाकतात आणि नटाला त्याच्यापासून लांब उभं करतात. इथे मुलगी चादरीला टेकलेली. मग चादरीचा हिरवा रंग उलटून तिच्या गालाच्या कडेवर, मानेवर आणि तेल लावलेल्या चकचकीत केसांवर बसतो. ती झाक काढायला गेलं की केसांची कड राखाडी, मेलेली दिसते. त्यात हातात हिरव्या बांगड्या किंवा पैठणीचे हिरवे काठ असले, तर चादरीबरोबर तेही गेले.

साधी भिंत घ्या. काळ्या केसांसाठी फिकट राखाडी सर्वांत बरी, पांढरीही चालेल, फक्त फोटोत ती जळून कोरी पांढरी होऊ देऊ नका. कोऱ्या पांढऱ्यात केसांच्या बारीक बटा विरघळतात. आजीचा फोटो असेल आणि केस पांढरे असतील, तर भिंत थोडी गडद हवी. भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे उभं राहायचं, म्हणजे सावली भिंतीवर पडत नाही आणि भिंतीचा रंग अंगावर येत नाही. भिंत सारखी उजळली आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. फोटो काढून फोनमध्येच कॉन्ट्रास्ट शेवटपर्यंत वाढवा, डाग आणि पट्टे लगेच दिसतात.

आता खरा मूर्खपणा, केस आणि पदर. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझ्या रात्री इथेच जातात.

जे कॅमेऱ्याने पाहिलंच नाही, ते मी बदलून दाखवू शकत नाही, फक्त रंगवू शकतो. मोकळे केस खांद्यावरून पुढे आले की कान, मान, खांदा आणि गळ्याची कड झाकली जाते. उद्या सासरच्यांना अंबाडा आवडतो म्हणून केस वर घ्यायचे ठरलं, तर खालची मान मी आणू कुठून? आणि ब्लाउज बदलायचा तर त्यावरून गेलेली प्रत्येक बट वेगळी कापावी लागते. पदराचंही तेच. पसरलेल्या पदराने दंड झाकला, तर बिनबाह्यांचा ड्रेस बसवताना तो दंड फोटोत नसतो. केस आणि कापड वरून चढवता येतं, खालचं काढता येत नाही. म्हणून पहिला फोटो सर्वांत कमी झाकलेला हवा.

मावसबहिणीला मी हे सांगितलं. अंगाला बसणारा, बिननक्षीचा, रुंद गळ्याचा, बिनबाह्यांचा राखाडी टॉप घाल. काळा नको, त्याच्या चुण्या दिसत नाहीत आणि रंग बदलायला काही उरत नाही. लालभडकही नको. लाल कपड्याचा रंग हनुवटीखाली चढतो, मी कपडा निळा केला तरी हनुवटी लालच राहते. पायांच्या जागी जमिनीवर चिकटपट्टी लाव, समोर नजरेसाठी एक खूण कर. फोन स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला, सहा-सात फुटांवर ठेव. झूम दोन पट, कारण रुंद लेन्स जवळ आणली की नाक मोठं होतं. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये उजेड आणि फोकस लॉक होतो. मग न हलता पहिला फोटो केस घट्ट मागे बांधून, कान दिसतील असा. दुसरा केस मोकळे पण पाठीवर. तिसरा केस एका खांद्यावरून पुढे. शेवटी ती बाजूला झाली की रिकाम्या भिंतीचा एक.

बांधलेल्या केसांचा फोटो खाली राहतो आणि बाकीचे केस त्यावर चढतात. मान जराशी हलली असेल, तर फोटोशॉपमधलं Auto-Align Layers बऱ्यापैकी जुळवून घेतं. भिंत फिकट असल्यामुळे सुटे केस फोटोशॉपच्याच Multiply मोडने बसवता येतात, त्यात फिकट भाग नाहीसा होतो आणि गडद केस तेवढे उरतात, एकेक बट कापावी लागत नाही.

साडीचं मात्र आधीच सांगतो: दुसऱ्या कुणाच्या अंगावरची साडी तिच्यावर चढवायला लावू नका. निऱ्या आणि पदराच्या चुण्या त्या अंगाच्या असतात. ती साडी त्याच जागी, त्याच उजेडात नेसून आणखी एक फोटो काढणं कितीतरी सोपं. आहे त्या साडीचा रंग बदलायचा झाला, तरी जरीचा भाग वेगळा निवडावा लागतो, नाहीतर सोनेरी काठही रंग बदलतात.

ऊन नको. उन्हात कपाळावर बटांची कडक सावली पडते. बट मी काढली, तरी सावली तिथेच. उत्तरेकडची खिडकी सर्वांत चांगली, तिच्यातून वर्षातला बहुतेक काळ थेट ऊन येत नाही. खिडकी समोरून जराशी बाजूला ठेवा, दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरा (तुमची हौस असेल तर चादर इथे वापरा) आणि घरातले दिवे बंद करा. दिवे चालू राहिले, तर एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर येतो. अगदी सपाट उजेडही नको, चेहरा पापडासारखा दिसतो. एक बाजू किंचित गडद असावी, एवढंच.

पोर्ट्रेट मोडबद्दल एकच वाक्य: तो मागचं धूसर करताना केसांच्या कडा खातो, आणि भिंत साधी असेल तर त्याची गरजच काय?

साधी मागची बाजू आणि नंतर बदल करता येतात, या दोन गोष्टी मेसेजमध्ये बरोबर आहेत, हे मान्य करायला मला जड जातंय. नंतर बदलता येतं ते आधी ठरवलं म्हणूनच. मावशीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग एक फोटो स्टुडिओतच काढूया." तिथेही जा, पण बांधलेल्या केसांचा फोटो आणि रिकाम्या भिंतीचा फोटो दोन्ही मागून घ्या, आणि मूळ फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न घेता डॉक्युमेंट म्हणून घ्या, नाहीतर ती दाबून लहान होऊन येते आणि केसांच्या बटा तिथेच जातात.