अंक किती ठेवायचे: अमळनेरच्या पालकांना उत्तर

प्रतिक्रिया: «सर, सार्थ अंकांवरची तुमची पोस्ट वाचली, पटली नाही. माझ्या मुलीनं पेंडुलमच्या प्रॅक्टिकलमध्ये g ची किंमत ९.७९०२८ काढली, रीडिंग सोबत दिली आहेत. कॅल्क्युलेटरनं दिलेलं उत्तर जसंच्या तसं लिहिणं चूक कसं? अंक पुसले की माहितीच गेली. ८० लिहा की ८०.०, दोरा तेवढाच राहतो. आणि युनिट हेडिंगमध्ये लिहायचं की आकड्यापुढं, हा तर निव्वळ टापटिपीचा भाग. – एक पालक, अमळनेर»

नमस्कार. मोजमापातून खरोखर मिळालेले अंक, म्हणजे सार्थ अंक, तेवढेच उत्तरात लिहायचे, असं मी पोस्टमध्ये म्हटलं होतं. रीडिंग पाठवलीत हे फार बरं केलंत, त्यामुळे तुमच्या मुलीच्याच आकड्यांवर बोलता येईल. मी ती जर्नलमध्ये लिहितात तशी मांडून घेतली. L म्हणजे पेंडुलमची लांबी, t म्हणजे २० आंदोलनांचा वेळ आणि T म्हणजे एका आंदोलनाचा.

| L / cm | t / s | T / s | g / (m/s²) |
|---|---|---|---|
| ६०.० | ३१.२२ | १.५६१ | ९.७२ |
| ७०.० | ३३.५० | १.६७५ | ९.८५ |
| ८०.० | ३५.९४ | १.७९७ | ९.७८ |
| ९०.० | ३८.१४ | १.९०७ | ९.७७ |
| १००.० | ४०.०८ | २.००४ | ९.८३ |

शेवटचा कॉलम वरून खाली वाचा. एकच पेंडुलम, एकच खोली, एकच हात, तरी पहिल्या दशांशालाच आकडा ७ आणि ८ मध्ये हेलकावतोय. पाच रीडिंगचं आपसातलं पसरणं, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, ०.०५ येतं. पाचांचा मीन घेतला की अनिश्चितता ०.०५ भागिले √५, म्हणजे ०.०२ पर्यंत खाली येते. म्हणून उत्तर ९.७९ ± ०.०२ m/s². दुसऱ्या दशांशातच जिथं दोनाचा फरक पडू शकतो, तिथं त्यापुढचे ०, २ आणि ८ प्रयोगातून आलेले नाहीत. ते भागाकारातून आलेत. पुन्हा पाच रीडिंग घेतली तर त्या जागी दुसरेच अंक येतील, आणि ती रीडिंगही तितकीच बरोबर असतील. त्यामुळे ते पुसल्यानं माहिती जात नाही. उलट ± ०.०२ लिहिल्यानं जी माहिती उत्तरात नव्हती ती येते.

एक गोष्ट मुलीला जरूर सांगा. स्टॉपवॉच शंभरावा भाग दाखवतं, पण बोट तेवढं अचूक नसतं. चालू-बंद करताना ०.२ सेकंद इकडं तिकडं होतं असं मी धरून चालतो. वीस आंदोलनांवर वाटलं की T मध्ये ०.०१ सेकंद, आणि g मध्ये साधारण ०.१. तिचं पसरणं त्याच्या निम्मं आहे, म्हणजे तिचा हात ०.१ सेकंदाच्या आसपास स्थिर आहे. हे तिनं कमावलेलं आहे. एका रीडिंगवर मी ९.८ च्या पुढं जाऊ दिलं नसतं. तिसरा सार्थ अंक तिच्या पाच रीडिंगनी मिळवून दिला.

आता जिथं तुमचं म्हणणं खरं आहे ते सांगतो, कारण माझ्या पोस्टमध्ये ते नीट आलं नव्हतं. मधल्या पायरीवर अंक पुसले तर माहिती खरंच जाते. T मध्ये ०.०१ ची अनिश्चितता आहे म्हणून कुणी T चा कॉलम दोनच दशांशांचा केला, तर शेवटच्या ओळीत २.००४ चे २.०० होतात आणि g ९.८३ वरून थेट ९.८७ वर जातो. पाचही ओळी तशा केल्या तर मीन ९.७८ येतो. प्रयोगात काहीही न बदलता, फक्त घाईनं राउंड केल्यामुळे उत्तर ०.०१ नं सरकलं, आणि आपली सगळी अनिश्चितता तर ०.०२ ची आहे. म्हणून टेबलात T ला एक अंक जास्तीचा ठेवायचा, कॅल्क्युलेटरमध्ये सगळेच ठेवायचे, आणि राउंड शेवटी एकदाच करायचं. एक्सेलमध्ये हे सोपं जातं: सेलचं फॉर्मॅट `0.000` केलं की दिसायला तीन दशांश राहतात, गणित मात्र पूर्ण आकड्यावर चालतं. `ROUND` वापरलं तर पुढच्या गणितात राउंड केलेलाच आकडा जातो. मधल्या कॉलममध्ये ते नको.

त्याच एक्सेलची दुसरी खोड शून्याची. तुम्ही ८०.० टाइप करता आणि एंटर मारलं की तिथं ८० उरतं. दोरा तेवढाच राहतो हे कबूल, पण वाचणाऱ्याला तो कशानं मोजला ते कळेनासं होतं. जळगावच्या सराफाकडची पावती आठवा. तिथं १०.२५० ग्रॅम असं लिहिलेलं असतं, आणि ते शेवटचं शून्य सांगतं की काटा मिलिग्रॅमपर्यंत बघतो. रावेरकडं केळीचा ट्रक वजनकाट्यावर चढतो, तिथं कुणी ग्रॅम विचारत नाही. ८०.० म्हणजे पट्टी मिलिमीटरपर्यंत वाचली. नुसतं ८० म्हटलं की सेंटीमीटरभराची शंका शिल्लक राहते. मीटरमध्ये बदलतानाही ०.८ नाही, ०.८०० लिहायचं. युनिट बदललं म्हणून सार्थ अंक कमी होत नाहीत. सेल फॉर्मॅट `0.0` ठेवा, शून्य जागेवर राहील.

युनिटबद्दल मात्र मी ठाम आहे. हेडिंगमधल्या L / cm चा अर्थ सरळ भागाकार आहे: लांबीला सेंटीमीटरनं भागलं, खाली निव्वळ संख्या उरली. याचा खरा उपयोग T² चा कॉलम करताना होतो. T / s चा वर्ग केला की हेडिंग आपोआप T² / s² होतं. प्रत्येक आकड्यापुढं युनिट लिहिणारी मुलं तिथं सवयीनं s च लिहितात, आणि ग्राफच्या स्लोपचं युनिट चुकतं. दुसरी नेहमीची चूक cm ची. `g = 4π²L/T²` मध्ये ८०.० तसंच घातलं तर ९७८ येतं, आणि वर m/s² लिहिलेलं असतं. हेडिंग नीट असेल तर ही चूक ओळीतल्या ओळीत सापडते. बाकी लहान गोष्टी: सेकंदाचं चिन्ह s, sec नाही आणि मोठा S तर नाहीच, तो सीमेन्सचा. आकडा आणि युनिट यांच्यात एक जागा सोडायची. टाइप करताना राशीचं अक्षर तिरकं, युनिट सरळ.

एक शंका मात्र मला आहे आणि ती टेबलावरून फिटत नाही. L मध्ये बॉबची, म्हणजे दोऱ्याला टांगलेल्या गोळ्याची, त्रिज्या धरली होती का? ± ०.०२ हे फक्त हाताच्या पसरण्याचं माप आहे. दोरा बॉबच्या वरच्या टोकापर्यंतच मोजला असेल आणि त्रिज्या १ सेंटीमीटर असेल, तर ८० च्या ओळीत g ०.१२ नं कमी येतो, आणि पाच काय पन्नास रीडिंगचा मीन घेऊनही तो फरक जात नाही. खानदेशाच्या अक्षांशावर g साधारण ९.७९ आहे, पाठ केलेलं ९.८१ नाही. तिचा मीन तिथंच पडतोय, म्हणजे बहुधा त्रिज्या धरलेली असावी. तरी जर्नलमध्ये व्हर्निअरनं घेतलेला बॉबचा व्यास लिहिलेला आहे का तेवढं बघा. नसेल तर टेबलाच्या वर एक ओळ घालायला सांगा, आणि उत्तर ९.७९ ± ०.०२ m/s² असं करून घ्या.