फोटो रेडी आहेत सर, फक्त तेवढं बॅलन्स...

लग्नानंतर फोटोग्राफरला "फोटो कधी मिळतील" असा मेसेज टाकला की दोन निळ्या टिका येतात, आणि बरेच दिवस तेवढंच येतं. फार मागे लागलं तर "एडिटिंग चालू आहे सर". मग एका रात्री आपण आडवे झालेलो असताना तोच माणूस स्वतःहून, हात जोडलेल्या इमोजीसकट लिहितो, "फोटो रेडी आहेत सर, बॅलन्स क्लिअर केलं की लगेच लिंक पाठवतो." हे "लगेच" इतके महिने कुठे होतं माहीत नाही.

आता बॅलन्स द्यायचं ठरलेलंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. अर्धे बुकिंगला, थोडे लग्नाच्या दिवशी, उरलेले फोटो देताना. त्याचंही बरोबर आहे म्हणा, एकदा फाईल आपल्याकडे आली की त्याच्या हातात काय उरतं, नुसता आपला फोन नंबर, आणि लग्न झालेली माणसं फोन उचलत नाहीत हे त्यालाही माहीत. पण मेसेजच्या खाली अजून एक ओळ होती. "एक्स्ट्रा दोन तास धरून." ही ओळ मला अजून टोचतेय. करार आठ तासांचा होता, आणि हे दोन तास त्याच्या "रेडी आहेत सर" मागून, आपण काही बोलणार नाही अशा खात्रीने, हळूच आत शिरले होते.

मी म्हटलं आधी प्रीव्ह्यू दाखव. हे मात्र प्रत्येकाने मागावं. पैसे देण्याआधी सगळे फोटो, निवडक वीस-पंचवीस नाही, छोट्या साइजमध्ये आणि वॉटरमार्क मारून का होईना, दाखवायला त्याचं काहीच जात नाही, आणि आपल्याला कळतं की फोटो खरंच आहेत, ग्रुप फोटोत कोण राहिलंय, कुणाचे डोळे मिटलेत. त्याने लिंक पाठवली. प्रत्येक फोटोवर त्याच्या स्टुडिओचं नाव, तिरकं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. बायकोच्या नाकावरून एक वेलांटी गेलेली.

इथे मामांचा प्रवेश होतो. मामा सहज आले होते. सहज म्हणजे फोटो आलेत हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"अरे, फोटो दिसतायत की," मामा म्हणाले. "मग पैसे कशाचे मागतोय?"

"मामा, हे प्रीव्ह्यू आहेत. ओरिजिनल पैसे दिल्यावर."

"स्क्रीनशॉट काढ ना मग."

"त्यावर नाव आहे त्याचं."

"नाव काय, पुसता येतं. आमच्या शेजारच्या पोराकडे अ‍ॅप आहे."

आणि मामांनी खरंच माझा फोन घेऊन स्वतःच्या फोटोचा स्क्रीनशॉट काढला, स्वतःला पाठवला, पोराकडे पाठवला, आणि थोड्या वेळात तो परत आला तेव्हा नाव गेलं होतं पण त्याच्यासोबत मामांची डावी भुवईही गेली होती. मामांनी चष्मा वर केला, खाली केला. "ठीक आहे, लांबून कळत नाही. याची मोठी फ्रेम करून हॉलमध्ये लावू."

मी त्यांना समजवायला बसलो, का बसलो देव जाणे. म्हटलं मामा, ओरिजिनल फोटो सहा हजार पिक्सेल रुंद असतो. चांगल्या प्रिंटला इंचाला तीनशे पिक्सेल धरतात, म्हणजे वीस इंच रुंद फ्रेम आरामात निघते. तुमचा स्क्रीनशॉट फोनच्या स्क्रीनएवढा, हजार-ऐंशी पिक्सेल. तो वीस इंचावर ताणला तर इंचाला चोपन्नच पिक्सेल उरतात. तुमचा चेहरा सगळा चौकोनी ठिपक्यांचा दिसेल. मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग दहा इंचाची कर." "तरी एकशे आठच पडतात मामा." "मग पाकिटात ठेवायचा कर." आता पाकिटातल्या साइजला तो खरोखर चालला असता, त्यामुळे माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि याचाच मला जास्त राग आला.

पण मामांचा एक गुण आहे, ते स्वतःचा फोटो सोडत नाहीत. सह्या करतानाच्या एका फोटोत ते आमच्या मागे उभे आहेत, तो त्यांनी दोन बोटांनी मोठा केला, अजून मोठा केला, आणि ओरडले, "हे माझ्या डोक्यावर काय उगवलंय?" पाहिलं तर भिंतीवरचं घड्याळ. एक वाजून पाच मिनिटं. मी सहज त्या फोटोची माहिती उघडली, वेळ लिहिलेली होती, दोन वाजून पाच.

मग डोक्यात प्रकाश पडला. मघापासून मला कळत नव्हतं की गॅलरीत आम्ही जेवताजेवता मध्येच उठून सही का करतोय, आणि सही करून परत घास का घेतोय. कॅमेरे दोन होते. एक त्याचा, एक त्याच्या असिस्टंटचा. सकाळी काम सुरू करताना दोन्हींची घड्याळं जुळवायची असतात, नाहीतर वेळेनुसार लावल्यावर फोटोंची अशी खिचडी होते. ती जुळवली नव्हती, असिस्टंटचा कॅमेरा तासभर पुढे. नंतरही दुरुस्त करता येतं, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो एकदम तासभर मागे ढकलतात, किरकोळ काम आहे. तेही इतक्या महिन्यांच्या "एडिटिंग चालू आहे सर" मध्ये झालं नव्हतं.

मग हिशोबच काढला. त्याच्या कॅमेऱ्यातला पहिला फोटो सकाळी दहा वाजून बारा मिनिटांचा, आमचे बूट, कशाला ते विचारू नका. असिस्टंटच्या कॅमेऱ्यातला शेवटचा रात्री आठ पंचवीसचा. त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा तास मोजले आणि आठ वजा करून दोन एक्स्ट्रा लावले. पण ते आठ पंचवीस म्हणजे खरे सात पंचवीस. सव्वानऊ तास झाले. एक्स्ट्रा एक तास आणि वर थोडी मिनिटं. तो एक तास मी द्यायला तयार होतो, कारण लोक उशिरा आले यात त्याचा दोष नाही, आणि ताटकळत उभं राहण्याचेही पैसे असतातच.

घड्याळाचा फोटो, दोन्ही कॅमेऱ्यांच्या वेळा, सगळं पाठवलं. म्हटलं आता भांडेल. उत्तर लगेच आलं. "ओके सर 👍". बस. ना सॉरी, ना कसं काय झालं. एक तास त्याने असा सोडला की जणू तो मी मागतोय का हेच बघायचं होतं. ज्यांच्या भिंतीवर घड्याळ नसतं किंवा ज्यांचे मामा एवढे स्वतःच्या प्रेमात नसतात, त्यांनी काय करायचं?

पैसे टाकले. लिंक आली. प्रचंड मोठ्या झिप फाईल, तुकड्यातुकड्यांत, फोनवर उतरवायला घेतल्या की शेवटाला येऊन फेल. वर सूचना, लिंक तीस दिवसांत बंद होईल. इतके महिने आम्ही थांबलो त्याला मुदत नव्हती, आता आम्हाला मुदत. शेवटी लॅपटॉपवर उतरवल्या आणि मिळालेल्या सगळ्या लगेच हार्ड डिस्कवरही टाकल्या, कारण तो पुढे किती दिवस बॅकअप ठेवेल याबद्दल करारात अवाक्षर नाही.

मामांना त्यांचा ओरिजिनल पाठवला, स्वच्छ, भुवईसकट. त्यांचा डीपी अजून वॉटरमार्कवालाच आहे. विचारलं तर म्हणतात, "असू दे, त्याच्यावर स्टुडिओचं नाव आहे. लोकांना वाटतं मुद्दाम काढून घेतलाय."